सव्वासातचं पिग्मी लेजर सहाला कसं जुळलं

प्रश्न: कोल्हापुरात एका सहकारी बँकेच्या शाखेत क्लार्क आहे. काउंटर पाचला बंद होतो, पण पिग्मीचं लेजर एक्सेलमध्ये भरून जुळवायला सात-सव्वासात होतात. कीबोर्ड शॉर्टकट शिकून खरंच फरक पडतो का? नेटवर दोनशे शॉर्टकटची यादी मिळाली, त्यातले कुठले शिकू? आणि मॅनेजर म्हणतात सीबीएसमध्ये शॉर्टकट वापरायचे नाहीत, ते का?

उत्तर: फरक पडतो, पण बोटं भरभर चालली म्हणून नाही. ती दोनशेची यादी आधी बाजूला ठेवा. तुमच्या कामाला त्यातले सहा-सात पुरतात आणि तेही एका दिवसात शिकायचे नाहीत.

मी शाखांमध्ये पंचवीसेक वर्षं काढली. सुरुवातीला लाल-काळ्या शाईनं खतावणी ओढली, नंतर स्क्रीनवर आलो. त्यातली बरीच वर्षं पासिंग ऑफिसर होतो. म्हणजे संध्याकाळी क्लार्कच्या खुर्चीमागं उभं राहायचं आणि "जुळलं का?" एवढंच विचारायचं. असं रोज उभं राहिलं की वेळ कुठं गळतो ते आपोआप दिसायला लागतं. रकमा टाकण्यात तो फारसा जात नाही. तेच ते पुन्हा टाइप करण्यात जातो, हात कीबोर्ड सोडून माऊसकडं जाऊन परत येण्यात जातो, आणि सगळ्यात जास्त जातो शेवटी राहिलेला फरक शोधण्यात.

एक गोष्ट मात्र तुमच्या शाखेवर अवलंबून आहे. एजंटांकडं मशिन असेल आणि त्याची फाईल थेट चढत असेल, तर टाकण्याचा भाग तुम्हाला लागूच नाही. मग खालचा फरक शोधण्याचा भाग तेवढा वाचा. एक-दोन एजंट अजून कागदी तक्ता आणत असतील किंवा मशिन बंद पडल्यावर हातानं लिहून आणत असतील, तर सगळंच उपयोगी पडेल.

आमच्या शाखेतल्या एका क्लार्कचं उदाहरण सांगतो. त्यांना सगळे तीन नंबरच्या मॅडम म्हणायचे, कारण काउंटर तीन. सहा पिग्मी एजंट होते. कोण लक्ष्मीपुरीतल्या भाजीवाल्यांचं गोळा करायचा, कोण शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्यांचं, कोण महाद्वार रोडच्या दुकानांचं. सगळे मिळून रोज २८० च्या आसपास नोंदी. तेव्हा मशिनं सगळ्यांकडं नव्हती, म्हणून मॅडम एजंटाचा तक्ता समोर ठेवून एक्सेलमध्ये नोंदी करायच्या. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात एजंटाचा कोड, तिसऱ्यात खाते क्रमांक, चौथ्यात रक्कम. बेरीज एजंटानं कॅश काउंटरला भरलेल्या स्लिपशी जुळली की पुढचा एजंट.

एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "सर, काहीतरी बिघडलंय बघा. मी काही टाइप केलं नाही, तरी वरचंच खाली आलं."

झालं होतं असं की, एजंटाचा कोड होता D-14. कॅपिटल डी काढायला शिफ्ट दाबायची, तर बोट एक घर खाली घसरून कंट्रोलवर पडलं. `Ctrl+D` दाबलं गेलं आणि वरच्या सेलमधलं D-14 जसंच्या तसं खाली उतरलं. मॅडमना वाटलं कॉम्प्युटर बिघडला. पण थोडा वेळ गप्प बसून त्यांनी स्वतःच ते पुन्हा करून बघितलं. परत उतरलं. मग तारखेच्या रकान्यात करून बघितलं. तारीखही उतरली.

"म्हणजे हे मी वर्षभर टाइप करतेय, ते करायचंच नव्हतं?"

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. तारीख दहा ठोके, कोड चार ठोके. एका नोंदीला चौदा, २८० नोंदींना ३,९२०. आणि या जवळजवळ चार हजार ठोक्यांत नवी माहिती अशी सहाच होती: सहा एजंटांचे सहा कोड. तारीख तर सगळ्यांची एकच. दोनशेची यादी वाचून हे कळत नाही. आपल्या लेजरमध्ये काय पुन्हापुन्हा येतंय ते आधी बघावं लागतं, आणि मग त्याला लागणारं बटण शोधावं लागतं.

`Ctrl+D` नं काम हलकं झालं, तरी ते प्रत्येक ओळीत दोनदा दाबावंच लागत होतं. दोन दिवसांनी आम्ही क्रमच फिरवला. आधी फक्त खाते क्रमांक आणि रक्कम टाकायची. तारीख आणि कोड एजंटाचं सगळं टाकून झाल्यावर एकदम भरायचे. समजा D-14 च्या नोंदी ५० व्या ओळीपासून ९७ व्या ओळीपर्यंत आहेत, म्हणजे ४८. मग `F5` दाबायचं, चौकटीत हे लिहून एंटर:

```
A50:A97
```

तेवढे ४८ सेल निवडले जातात. आता तारीख एकदाच टाइप करायची आणि साध्या एंटरऐवजी `Ctrl+Enter`. अठ्ठेचाळीसही ओळी भरतात. मग `B50:B97` ला कोड, तसाच. यात जपायचं एकच. निवड करताना ९७ च्या जागी १९७ पडलं किंवा वरच्या एजंटाच्या ओळी आत आल्या, तर त्यांच्यावरही हेच छापलं जातं, आणि एक्सेल काही विचारत नाही. म्हणून `Ctrl+Enter` नंतर वरची आणि खालची कड डोळ्यांनी बघायची. चुकलं तर लगेच `Ctrl+Z`.

आता राहिला हाताचा प्रवास. रक्कम टाकून झाली की मॅडम माऊस धरून पुढच्या ओळीच्या पहिल्या सेलवर क्लिक करायच्या. दिवसाला २८० वेळा. माऊस धरायला डोळे कागदावरून उठतात, स्क्रीनवर बाण शोधतात, मग कागदावर परत येऊन आपण कुठल्या ओळीवर होतो ते शोधतात. ओळ सुटणं आणि एकच नोंद दोनदा पडणं, या दोन्ही चुका इथंच जन्माला येतात.

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "टॅब वापरा. खाते क्रमांक, टॅब, रक्कम, एंटर. एंटर केल्यावर कर्सर आपोआप पुढच्या ओळीत, टॅब जिथून सुरू केला त्या रकान्यात येतो." हे खरं आहे, फक्त मधे बाणाचं बटण किंवा माऊस लागला तर एक्सेल ती सुरुवात विसरतं. दोन दिवसांनी मॅडमनी मला निरुत्तर केलं. "सर, उजवा हात आकड्यांच्या पॅडवर. टॅब डावीकडं. मग तक्त्याच्या ओळीवर बोट कुठल्या हाताचं ठेवू?"

बरोबर होतं त्यांचं. कागद बघून आकडे टाकणाऱ्याचा डावा हात कागदाचा असतो. तो कीबोर्डला दिला की ओळ सुटते. इंटरनेटवरच्या शॉर्टकटच्या याद्या कागद समोर नसलेल्या माणसांनी लिहिलेल्या असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

उपाय सेटिंगमध्ये निघाला. एक्सेलच्या File, मग Options, मग Advanced मध्ये पहिल्याच काही ओळींत After pressing Enter, move selection असं आहे. तिथं Direction चं Down असतं, ते Right केलं. मग टाकायला सुरुवात करण्याआधी `F5` नं `C50:D97` निवडायचं. तक्त्याच्या तळाशी एजंटानं पावत्यांची संख्या लिहिलेली असते, त्यावरून शेवटची ओळ काढता येते. आता खाते क्रमांक, एंटर, रक्कम, एंटर. निवडलेल्या भागाच्या उजव्या कडेला पोचलं की कर्सर स्वतःच पुढच्या ओळीच्या खाते क्रमांकावर जातो. टॅब लागत नाही, माऊस लागत नाही. आकड्यांच्या पॅडवरचं एंटर उजव्या करंगळीखाली असतं आणि डावा हात फूटपट्टी घेऊन तक्त्यावर. चुकून पुढं गेलात तर `Shift+Enter` नं मागं येता येतं. मधे कुठं क्लिक झालं तर निवड मोडते, ती पुन्हा करावी लागते.

हे सेटिंग त्या कॉम्प्युटरवरच्या तुमच्या सगळ्या एक्सेल फायलींना लागतं, फक्त पिग्मीच्या नाही. मॅडम रजेवर गेल्या त्या दिवशी त्यांच्या जागी बसलेला आमचा एक सहकारी तासभर वैतागला होता. एंटर मारलं की कर्सर खाली जाण्याऐवजी उजवीकडं पळतोय म्हणून त्यानं कीबोर्ड बदलून मागितला. तेव्हा मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी लावून ठेवा.

आकड्यांच्या पॅडबद्दलही दोन शब्द. ५ वर छोटा उंचवटा असतो, मधलं बोट तिथं ठेवलं की बघावं लागत नाही. आणि मोबाइलवर १-२-३ वरच्या रांगेत असतात, तर कीबोर्डच्या पॅडवर आणि कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वरच्या रांगेत. दिवसभर मोबाइल हाताळणाऱ्या नव्या मुलांची बोटं इथं फसतात. १०० चे ७०० होतात, २० चे ८० होतात. कुठलीही जोडी घ्या, १ आणि ७, २ आणि ८, ३ आणि ९, अंतर सहाचंच. म्हणून फरक ६०, ६०० असा आला तर मी पहिल्यांदा विचारायचो, "नवीन कोण बसलं होतं?"

आता तुमच्या सव्वासातचं मुख्य कारण, म्हणजे फरक. तो समोर आला की बहुतेक क्लार्क तक्ता पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासायला घेतात. ४८ नोंदींना दहा मिनिटं, आणि थकलेल्या डोळ्यांना चूक दुसऱ्यांदाही दिसत नाही. मॅडमचं एक प्रत्यक्ष घडलेलं सांगतो.

D-14 ची कॅश स्लिप होती ९,६४० रुपयांची. मॅडमनी रकमेच्या रकान्याखाली `Alt+=` दाबून बेरीज घेतली. आली ९,३७०. फरक २७०, लेजरमध्ये कमी.

आधी संख्या बघितली. `D50:D97` निवडलं की खालच्या पट्टीवर Count दिसतो. तो ४८ आला, तक्त्यावरही ४८ पावत्या. पण नुसता Count रिकामे नसलेले सगळे सेल मोजतो, मजकूरसुद्धा. त्या पट्टीवर उजवं क्लिक करून Numerical Count चालू करून ठेवा, तो फक्त आकडे मोजतो. दोन्ही ४८ असतील तर कुठली नोंद सुटलेली नाही आणि कुठला आकडा मजकूर बनून बसलेला नाही. Numerical Count ४७ आला असता, तर कुठंतरी शून्याऐवजी इंग्रजी ओ पडलाय किंवा पॅडवरचा टिंब दोनदा दाबला गेलाय असं समजायचं. असा आकडा सेलमध्ये डावीकडं चिकटलेला दिसतो आणि बेरीज त्याला मोजत नाही.

मग बेरीज नक्की कुठून कुठवर घेतली ते. `Alt+=` दाबल्यावर एक्सेल स्वतःच अंदाजानं पल्ला ठरवतं आणि त्याभोवती हलती तुटक रेघ दाखवतं. मधे एखादा सेल रिकामा असेल तर ते तिथंच थांबतं. ८१ वी ओळ रिकामी राहिली असती, तर बेरीज फक्त `D82:D97` ची झाली असती. म्हणून रेघ बघितल्याशिवाय एंटर मारायचं नाही. आणखी एक सोपी चाचणी आहे: पहिल्या रकमेवर उभं राहून `Ctrl+↓`. कर्सर रिकाम्या सेलच्या आधी थांबतो. ९७ व्या ओळीच्या आधीच थांबला तर त्याच्या खाली भोक आहे. बेरजेची ओळ लागून असेल तर तो बेरजेवर जाऊन थांबेल, ते चालतं. आम्ही प्रत्येक एजंटाच्या बेरजेनंतर एक ओळ मुद्दाम रिकामी सोडायचो, म्हणजे एकाची बेरीज दुसऱ्यात शिरत नाही.

संख्या बरोबर, पल्ला बरोबर. म्हणजे चूक एखाद्या रकमेतच. आता २७० ला ९ नं भागलं. ३० आले, बाकी शून्य.

हे नऊचं गणित जुन्या हेडकॅशियरकडून माझ्याकडं आलं. एखाद्या रकमेतलं शेवटचं शून्य गळलं तर रक्कम दहापट घटते. ३०० चे ३० झाले तर फरक २७०, म्हणजे ३० च्या नऊ पट. म्हणून फरकाला नऊनं भागलं की जो आकडा येतो, तो चुकून टाइप झालेली रक्कमच असते. शेजारचे दोन आकडे उलटे पडले तरी फरक नऊच्या पटीत येतो. ४१० चे १४० झाले तरी फरक २७० च. पण पिग्मीत रकमा बहुतेक २०, ५०, १००, २००, ३०० अशा गोल असतात. तिथं शून्य गळण्याची शक्यता जास्त. अडत्यांच्या चालू खात्याच्या नोंदी असत्या, तर मी उलट्या आकड्यांकडं आधी बघितलं असतं.

मॅडमनी `D50:D97` निवडलं, `Ctrl+F`, त्यात ३०. इथं एक खूण करावीच लागते: Options उघडून Match entire cell contents वर टिक. नाही तर ३०० आणि १३० हेही सापडत बसतात. Find All दाबल्यावर दोनच ओळी आल्या, ६१ आणि ८८. तक्त्यावरच्या बाराव्या पावतीत खरोखर ३० होते. एकोणचाळिसाव्या पावतीत ३०० होते, शाहूपुरीतल्या एका किराणा दुकानदाराचे. ८८ व्या ओळीवर `F2`, एक शून्य, एंटर. बेरीज ९,६४०. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

या नऊच्या युक्तीला मर्यादाही आहेत, त्या लपवत नाही. ९० रुपयांची नोंद राहिली तरी फरक नऊच्या पटीत येतो. म्हणून संख्या आधी मोजायची, नऊनं नंतर भागायचं. आणि एकाच तक्त्यात दोन चुका असतील तर फरक दोघींचा मिळून येतो, मग हे गणित वाऱ्यावर जातं. तशा वेळी तक्ता अर्धा करा. पहिल्या २४ पावत्यांची बेरीज कॅल्क्युलेटरवर घ्या आणि शीटवर तेवढ्याच ओळी निवडून खालच्या पट्टीत बघा. ज्या अर्ध्यात चूक आहे तोच पुन्हा अर्धा करा. दोन्ही अर्ध्यांत चूक सापडली तर प्रत्येक अर्ध्याचा फरक वेगळा मिळतो, आणि नऊचं गणित पुन्हा चालू होतं.

आता मी केलेली चूक. एक्सेलमध्ये `Ctrl+;` दाबलं की आजची तारीख येते. हे मीच मॅडमना शिकवलं. तारीख टाइप करायची नाही, `Ctrl+;` आणि `Ctrl+Enter`, झालं काम. महिनाअखेरीला एका संध्याकाळी लाईन गेली आणि दिवसअखेर पूर्ण झाली नाही. राहिलेल्या ४४ नोंदी मॅडमनी दुसऱ्या दिवशी सकाळी टाकल्या. सीबीएसमधली कामकाजाची तारीख अजून ३१ च होती, पण कॉम्प्युटरचं कॅलेंडर १ वर गेलं होतं. `Ctrl+;` ला बँकेची तारीख कळत नाही, ते कॉम्प्युटरची घेतं. ४४ नोंदी पुढच्या महिन्यात जाऊन बसल्या. बेरीज बरोबर होती, म्हणून कुणालाच कळलं नाही.

कळलं एजंटाचं कमिशन काढताना. ते महिन्याच्या कलेक्शनवर असतं. तो काउंटरवर येऊन म्हणाला, "ओ मॅडम, एकतीस तारखेचं माझं कलेक्शन गेलं कुठं? मी काय रंकाळ्यात टाकलं व्हय?" चूक माझी होती आणि बोलणी त्यांनी खाल्ली. त्यानंतर आमच्यात ठरलं: तारीख सीबीएसच्या स्क्रीनवर बघायची, हातानंच टाइप करायची, पण एजंटामागं एकदाच, `Ctrl+Enter` नं. दिवसाला सहा वेळा दहा ठोके. एवढी कंजुषी करायची गरज नव्हती. कुणी `=TODAY()` सुचवलं तर त्याहून वाईट, कारण ती तारीख दररोज बदलते आणि उद्या उघडलेलं कालचं लेजर आजचं दिसतं.

तारखेचा आणखी एक घोळ शाखांमध्ये मी बघितला. कॉम्प्युटरची तारखेची पद्धत अमेरिकन राहिलेली असली, तर 05/07 टाकल्यावर पाच जुलैऐवजी सात मे होते. 13/07 मात्र तारीख बनतच नाही, कारण तेरावा महिना नसतो, आणि ती मजकूर म्हणून डावीकडं चिकटते. महिन्याच्या बारा तारखेपर्यंत सगळं ठीक दिसतं आणि तेरापासून रकाना वाकडा दिसतो, तर रोग हाच.

वेळेचं खरं चित्र सांगतो, म्हणजे निराश होणार नाही. पहिला आठवडा मॅडमना उलट जास्त वेळ लागला. हात सवयीनं माऊसकडं जायचा, मग आठवण व्हायची, मग परत. एकदा साडेसात झाले. म्हणून मी म्हणतो आठवड्याला एकच गोष्ट घ्या. पहिल्या आठवड्यात फक्त तारीख आणि कोड शेवटी भरणं. ते न आठवता व्हायला लागलं की दुसऱ्या आठवड्यात एंटरची दिशा. तिसऱ्यात संख्या, पल्ला आणि नऊ. महिनाभरानं मॅडमचं लेजर सव्वासातऐवजी सहाच्या आसपास जुळायला लागलं. माझ्या अंदाजानं त्यातली पाऊण बचत फरक शोधण्यातली होती, टाकण्यातली नाही.

आणि तरी त्या सहाला घरी गेल्या नाहीत. शेवटचा एजंट गांधीनगरची दुकानं आटपून पावणेसहाला यायचा, त्याची कॅश मोजून होईपर्यंत त्याचा तक्ता टाकून उपयोग नसायचा. शाखेची दिवसअखेर सगळे काउंटर मिटल्यावरच होते. पहिले काही दिवस त्या नुसत्या बसून राहायच्या, मग त्यांनी एजंटांना वेळा वाटून दिल्या: जवळच्या पेठांतल्यांनी साडेचारला यायचं, लांबच्यांनी शेवटी. हे कुठल्या बटणानं झालं नाही, पण रोज सव्वा तास मोकळा झाल्यावर त्यांना ते सुचलं. नंतर साडेसहाची केएमटी त्यांना मिळायला लागली.

आता तुमच्या मॅनेजरांचं. त्यांचं बरोबर आहे, पण त्यांनी कारण सांगायला हवं होतं. एक्सेल हे तुमचं कच्चं काम आहे, तिथं `Ctrl+Z` आहे. सीबीएसमध्ये नोंद पास झाली की मागं घेण्याचं बटण नाही. उलटी नोंद टाकावी लागते, अधिकाऱ्याकडून पास करून घ्यावी लागते, आणि ग्राहकाच्या पासबुकात दोन्ही ओळी उमटतात.

शिवाय फंक्शनची बटणं प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळी. मी काम केलेल्या एका ठिकाणी सॉफ्टवेअर बदललं. आधीच्यात जे बटण नोंद जतन करायचं, तेच नव्यात काही न विचारता बाहेर न्यायचं. आठवडाभर सगळी शाखा अर्धवट व्हाउचर पुन्हापुन्हा भरत होती. तुमचं सीबीएस ब्राउझरमध्ये चालत असेल तर `F5` म्हणजे पान ताजं करणं, अर्धी भरलेली नोंद गेली. एक्सेलमध्ये तेच बटण तुम्ही दिवसातून कितीतरी वेळा दाबणार आहात, हे लक्षात ठेवा. `Ctrl+W` नं टॅबच बंद होतो. आणि `Alt+Tab` नं एक्सेल आणि सीबीएसमध्ये ये-जा करत असाल, तर टाइप करण्याआधी वरच्या पट्टीवर कुठल्या खिडकीत आहोत ते बघा. मी एकाला पिग्मीचा खाते क्रमांक रकमेच्या चौकटीत टाकताना पकडलंय. पासिंगला अडला म्हणून वाचला.

मॅनेजरांना एवढंच विचारा की सॉफ्टवेअर कंपनीनं दिलेली बटणांची अधिकृत यादी शाखेत आहे का, आणि ती ट्रेनिंग लॉगिनवर करून बघता येईल का. ती मिळेपर्यंत सीबीएसमध्ये एका चौकटीतून दुसरीत जायला टॅब, मागं यायला शिफ्ट-टॅब, आणि खुर्चीवरून उठताना, अगदी चहाला दोन मिनिटं उठलात तरी, `Win+L`. तुमच्या लॉगिननं दुसऱ्यानं टाकलेली नोंद कागदोपत्री तुमचीच असते.